‘त्यांची नळी स्वस्त हाय’: तुलना-तक्ता आणि बॅटलकार्डांच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२५, कुपवाड

आज साहेबांनी काम सोपवलं. पूर्वहंगामी उसाच्या लागणी ऑक्टोबरात सुरू होतात, त्याआधी आपल्या अकरा सेल्समनच्या हातात प्रतिस्पर्ध्यांच्या दाव्यांची उत्तरं हवीत. एक तुलना-तक्ता आणि त्यावरून छोटी बॅटलकार्डं, म्हणजे समोरच्याच्या एकेका दाव्याला काय बोलायचं ते सांगणारी कार्डं. आपण ठिबकची इनलाइन नळी बनवतो, म्हणजे जिच्या आतच ठरावीक अंतरावर ड्रीपर बसवलेले असतात ती. सांगली जिल्ह्यात ज्यांच्याशी रोज गाठ पडते अशा कंपन्या तीन. या नोंदी सगळ्या टीमला वाचायला मिळणार आहेत आणि पुढे कुठे कुठे फॉरवर्ड होतील याचा नेम नाही, म्हणून त्या तिघांना इथे अ, ब आणि क एवढंच म्हणते.

मार्केटिंगच्या फोल्डरमध्ये दोन वर्षांपूर्वीचा एक तक्ता सापडला. डावीकडे बावीस गुण, वर चार कंपन्या, आणि आपल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत हिरव्या बरोबरच्या खुणा. पलूसच्या सेल्समनला फोन करून विचारलं, हा कधी वापरलास का. तो म्हणाला, “मॅडम, ते शेतकऱ्याला दाखवलं तर तो पहिलं हेच विचारतो, की हे तुम्हीच बनवलंय न्हवं?” त्यामुळे जुना तक्ता बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करते आहे.

८ ऑगस्ट

मीटिंग घेऊन “समोरचे काय काय म्हणतात सांगा” असं विचारायचं नाही, हे ठरवलं. मीटिंगमध्ये माणूस आठवून सांगतो, आणि आठवताना शेतकऱ्याचं वाक्य आपल्या भाषेत बदलून टाकतो. त्याऐवजी सगळ्यांना एकच विनंती केली. शेतकऱ्याने किंवा डीलरने दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं की त्याच संध्याकाळी मला व्हॉइस नोट पाठवायची. त्यात तीनच गोष्टी: वाक्य जसंच्या तसं, गाव आणि पीक. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला नको.

मी स्वतः दोन दिवस अण्णांच्या गाडीवर मागे बसून तासगाव आणि पलूसकडे फिरणार आहे. अण्णा आमचे सर्वांत जुने सेल्समन, तेवीस वर्षं याच भागात आहेत.

१४ ऑगस्ट

अण्णांबरोबर फिरून आले. पलूसजवळच्या एका रानात जे घडलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण कार्डाचा आकार तिथेच ठरला.

शेतकरी विहिरीच्या कठड्यावर बसला होता. अण्णांनी नळीचा तुकडा पुढे केला. त्याने तो हातात घेतला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, “अण्णा, तुमचा माल चांगला हाय, न्हाई म्हणत न्हाई. पर ब वाल्याची नळी मीटरला दीड रुपयानं स्वस्त हाय. मग तुमची कशाला घिऊ?” अण्णा थांबले. मी मनात मोजलं, चार-पाच सेकंदांची शांतता. मग त्यांनी आपल्या कंपनीच्या जुनेपणाबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि शेतकऱ्याची नजर विहिरीतल्या मोटारीकडे वळली.

अण्णांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही. परतताना गाडीवर त्यांनी मला दहा कारणं सांगितली. पण त्या क्षणी दहातलं कुठलं एक काढायचं हे सुचलं नाही. म्हणजे कार्डाला माहिती भरून उपयोग नाही. त्या चार-पाच सेकंदांत तोंडात येईल असं पहिलं वाक्य आणि हातात येईल अशी एक वस्तू त्याने दिली पाहिजे.

२२ ऑगस्ट

आतापर्यंत ४१ व्हॉइस नोट्स आल्या. सगळ्या ऐकून वाक्यं तशीच्या तशी शीटमध्ये उतरवली, नंतर सारख्या अर्थाची एकत्र केली. वेगवेगळे दावे निघाले १७, पण ४१ पैकी ३० नोट्स अवघ्या चार दाव्यांभोवती फिरतात. ब ची नळी स्वस्त. अ ची नळी लांब ओळीतही शेवटपर्यंत सारखं पाणी देते. क चा ड्रीपर चोकअप होत नाही. आणि अ कडे अनुदानाची फाईल लवकर निघते.

पहिली कार्डं या चारांचीच करणार. उरलेले तेरा दावे तक्त्यात राहतील. सतरा कार्डं केली तर सेल्समन त्यातलं एकही उघडणार नाही.

साहेबांनी आणखी एक गोष्ट सुचवली आणि ती बरोबर होती. ज्यांनी आपलं कोटेशन घेऊन शेवटी दुसऱ्याकडून घेतलं त्यांना फोन करायचा. नऊ जणांशी बोलले. सुरुवातीला प्रत्येकाने दराचंच कारण सांगितलं. मी दराबद्दल पुढे काहीच न बोलता “मग बसवून झालं का? कसं बसवलं?” असं विचारत गेले, तेव्हा नऊपैकी चौघांच्या बोलण्यात फिटर आला. एक जण म्हणाला, “त्यांचा फिटर दुसऱ्या दिवशी दारात. तुमचा आठवड्यानं येतो म्हणाला.” यावर कार्ड लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही. हे साहेबांना वेगळ्या कागदावर लिहून दिलं. सेवेतली उणीव बोलून झाकायला मी सेल्समनच्या हाती वाक्य देणार नाही.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती, त्याआधी तक्त्याची चौकट पूर्ण केली. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट: कंपनी, नळीचा व्यास, जाडीचा क्लास, ड्रीपरमधलं अंतर, डिस्चार्ज, कराशिवाय मीटरचा दर. पण माझ्या लेखी खरे महत्त्वाचे रकाने शेवटचे तीन आहेत. ही माहिती कुठून आली (छापील दरपत्रक, प्रत्यक्ष मोजणी, शेतकऱ्याने दाखवलेलं बिल की नुसतं ऐकीव), कोणत्या तारखेला तपासली, आणि कोणी तपासली. ऐकीव माहिती तक्त्यात ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावरून कार्ड बनवायचं नाही.

शेतकऱ्याच्या हिशेबासाठी एकराचा खर्च काढणारं एक सूत्र वेगळ्या पानावर घातलं. `B2` मध्ये उसाच्या दोन सऱ्यांमधलं अंतर फुटांत, `C2` मध्ये नळीचा मीटरचा दर:

```
=ROUND(43560/B2*0.3048*C2,0)
```

पाच फुटी सरीला एकरात २,६५५ मीटर नळी लागते. मीटरमागे दीड रुपया ऐकायला किरकोळ वाटतो, पण एकरावर तो चार हजारांच्या घरात जातो. शेतकरी तोंडाने मीटरचा दर बोलत असला तरी मनात एकराचाच आकडा धरून असतो, म्हणून कार्डावर एकराचाच आकडा येणार.

३ सप्टेंबर

आज दिवसभर ‘स्वस्त हाय’ या एकाच दाव्यावर काम केलं. ब ची नळी आपण बाजारातून रोखीने विकत घेतली, बिलासकट. नमुना कोणाकडून गोड बोलून मागितलेला नाही, हे मुद्दाम नोंदवते.

कराशिवाय दर: ब ची नळी ११.२० रुपये, आपली १२.८० रुपये. फरक १.६० रुपये मीटरला, एकराला सुमारे ४,२५० रुपये. शेतकरी बोलतो ते खरं आहे. पण दोन्ही नळ्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या तेव्हा पहिली गोष्ट दिसली. ब च्या नळीत ड्रीपर ५० सेंटिमीटरवर आहेत, आपल्या नळीत ४० वर. आपल्या एकराला साधारण ६,६४० ड्रीपर बसतात, त्यांच्या ५,३१०. आपल्याकडेही ५० सेंटिमीटरची नळी आहे आणि तिचा दर १२.१० आहे. म्हणजे फरकातले ७० पैसे नुसते ड्रीपरच्या संख्येचे आहेत.

दुसरी गोष्ट वजनाची. दोन ड्रीपरच्या मधला कोरा भाग दोन्हींतून ३० सेंटिमीटर कापून घेतला आणि सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर ठेवला. आपला तुकडा १०.४ ग्रॅम, त्यांचा ९.६. तुकडा ड्रीपर वगळूनच घ्यावा लागतो, नाहीतर ड्रीपरचं वजन मिसळतं आणि नळीच्या जाडीबद्दल काहीच कळत नाही. बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर आणि दोन्हींत प्लॅस्टिकची घनता सारखी धरली, तर आपल्या नळीची जाडी ०.७८ मिलिमीटरच्या आसपास येते आणि त्यांची ०.७१. मीटरला पावणेतीन ग्रॅम कच्चा माल जास्त. दाण्याचा दर किलोला ११० रुपये धरला तर हे ३० पैसे होतात.

म्हणजे १.६० पैकी ७० पैसे ड्रीपरचे आणि ३० पैसे जाडीचे. उरले ६० पैसे. यांचं काय करायचं यावर खूप विचार केला. उत्तर एकच आहे: तेवढी त्यांची नळी खरोखर स्वस्त आहे. एकराला साधारण १,६०० रुपये. हे कार्डावर लिहायचं ठरवलं. “दर सारखाच आहे” असं सेल्समन बोलला आणि शेतकऱ्याने दोन बिलं शेजारी ठेवली, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

अण्णांनी मात्र मला एका ठिकाणी अडवलं. कार्डाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, “५० सेंटिमीटरची नळी उसाला कमी पडते.” अण्णा म्हणाले, “ताई, नदीकाठच्या काळ्या रानात पाणी आडवं पसरतं, तिथं पन्नासला काय हुतंय? खानापूरकडच्या मुरमाड रानात पाणी सरळ खाली जातं, तिथं चाळीसच पाहिजे.” त्यांचं बरोबर आहे. ठिबकाखालचा ओलावा भारी जमिनीत रुंद पसरतो आणि हलक्या जमिनीत अरुंद व खोल जातो. म्हणून कार्डातलं पहिलं वाक्य बदललं. आता सेल्समन आधी विचारतो, “दादा, रान काळं की मुरमाड?” काळं असेल तर आपलीच ५० ची नळी दाखवायची. मग तुलना सारख्याला सारखी होते आणि फरक १.६० वरून ९० पैशांवर येतो.

६ सप्टेंबर

पहिलं कार्ड जसं झालं तसं इथे ठेवते.

> ऐकू येतं: “ब ची नळी मीटरला दीड रुपयानं स्वस्त हाय.”
>
> खरं किती: त्यांची ५० सेंटिमीटरची, आपली ४० ची. दोन्ही ५० च्या धरल्या तर फरक ९० पैसे. त्यातले ३० पैसे जाडीचे. एकराला सुमारे १,६०० रुपये ते खरंच स्वस्त आहेत.
>
> आधी विचारा: “रान काळं की मुरमाड?”
>
> मग बोला: “काळं असेल तर आपलीपण पन्नासची घ्या, दर खाली येतो. मुरमाड असेल तर पन्नासनं मधली जागा कोरडी राहील.”
>
> दाखवा: दोन्ही तुकडे आणि वजनकाटा. काट्यावर तुकडे शेतकऱ्यालाच ठेवू द्या.
>
> म्हणू नका: “त्यांचा माल हलका.” दोन्ही नळ्यांवर आय.एस.आय. चिन्ह आहे.

एवढंच. मोबाइलच्या एका पडद्यात बोट न सरकवता बसतं. ‘म्हणू नका’ हा भाग साहेबांच्या सांगण्यावरून घातला. दुसऱ्याच्या मालाला पुराव्याशिवाय नावं ठेवणं कायद्यातही अंगाशी येऊ शकतं, आणि गावात तर त्याच दिवशी त्या डीलरच्या कानावर जातं. आपण फक्त मोजलेलं बोलायचं.

११ सप्टेंबर

या आठवड्यात आमची चूक झाली आणि तिचं मूळ माझ्या तक्त्यात आहे.

वाळवा तालुक्यातल्या एका गावात आमच्या नव्या सेल्समनने शेतकऱ्याला सांगितलं, “क ची नळी क्लास एकची हाय, आपली क्लास दोनची, म्हणजे जास्त जाड.” शेतकऱ्याने काहीच उत्तर दिलं नाही. तो उठून गोठ्यामागे गेला, गेल्या महिन्यात आणलेल्या क च्या बंडलाचं टोक ओढून आणलं, अंगठ्याने त्यावरची माती पुसली आणि छपाई सेल्समनच्या डोळ्यांपुढे धरली. कंपनीचं नाव, १६ मिलिमीटर, क्लास २, डिस्चार्ज, अंतर, आय.एस. १३४८८. “वाच की,” एवढंच म्हणाला. पोरगा संध्याकाळी फोनवर बोलताना अक्षरशः रडवेला झाला होता. विक्री गेलीच, पण त्या वस्तीवर आता आपल्याला वर्षभर तरी जाता येणार नाही.

क ची ती ओळ मी एका डीलरकडच्या मार्चच्या दरपत्रकावरून घेतली होती. मधल्या काळात क ने या भागात क्लास २ ची नळी आणली. तक्त्यात तारीख लिहिलेली होती, पण ती जुनी झाल्याचं सांगणारं काहीच नव्हतं. नुसती तारीख कोणी वाचत नाही.

त्याच रात्री दोन बदल केले. प्रत्येक ओळीला ४५ दिवसांची मुदत दिली. तपासल्याची तारीख `H` रकान्यात आहे:

```
=IF(TODAY()-H2>45,"तपासा","चालू")
```

‘तपासा’ आलं की ती ओळ लाल होते, आणि तिच्यावर उभं असलेलं कार्ड मी ग्रुपमधून मागे घेते. दुसरा बदल असा, की नळीच्या क्लासबद्दल इथून पुढे कुठल्याच कार्डात आपण विधान करायचं नाही. कार्डात असेल फक्त “नळीवरचं छापलेलं वाचून बघू या.” जे शेतकऱ्याच्या गोठ्यामागे पडलेलं आहे ते माझ्या तक्त्यापेक्षा नेहमीच ताजं असणार.

नव्या पोराला घेऊन त्या शेतकऱ्याकडे मी परवा जाऊन आले. माहिती आमचीच चुकली होती, तुम्ही दाखवलंत ते बरं झालं, असं सांगितलं. चहा दिला त्यांनी. ऑर्डरचा विषय आम्ही काढला नाही.

१७ सप्टेंबर

आज अ च्या दाव्यावर काम केलं: “आमच्या नळीचं पाणी शेवटपर्यंत सारखं.” अ ची नळी पीसी आहे, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी ड्रीपरमधला रबराचा पडदा पाण्याचं प्रमाण राखतो. आपली साधी आहे, तिच्यात दाब घटला की पाणीही घटतं.

गोडाऊनमागच्या सपाट जागेत दोन्ही नळ्या शंभर-शंभर मीटर अंथरल्या, सुरुवातीला एक किलोचा दाब दिला आणि मापाच्या भांड्यात तीन-तीन मिनिटं पाणी धरलं. दोन्हींचे ड्रीपर तासाला चार लिटरचे, म्हणजे तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पडायला हवं. अ च्या नळीने सुरुवातीला १९६, मध्ये १९४ आणि शेवटी १९१ दिलं. आपल्या नळीने सुरुवातीला १९८, मध्ये १३४ आणि शेवटी ११६.

यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सगळ्यांना वाटतं की पाणी शेवटी शेवटी कमी होत जातं. खरं तर घट बहुतेक पहिल्या अर्ध्या भागातच होते, कारण तिथे नळीतून सगळ्या ओळीचं पाणी जोराने धावत असतं आणि घर्षण जास्त होतं. शेवटच्या टप्प्यात पाणी थोडंच उरतं, म्हणून दाबही फारसा पडत नाही. हे कळलं की उपायही सुचतो. ओळींना पाणी पुरवणारी सबमेन बांधावरून न घेता शेताच्या मधोमध घेतली तर ओळ दोन्हीकडे पन्नास-पन्नास मीटरची होते. तशी जोडून पुन्हा मोजलं: सुरुवातीला १९८, शेवटी १८०. दहा टक्क्यांच्या आतली घट उसाला चालते.

या कार्डात एक नवा भाग आला: ‘इथे लढू नका’. रान उताराचं असेल, किंवा ओळ लांब असून मधोमध चर काढायला शेतकऱ्याची तयारी नसेल, तर अ ची पीसी नळीच त्याच्या कामाची आहे. सेल्समनने तसं सरळ सांगायचं. त्यावर टीममध्ये मोठा वाद झाला. मिरजेचा सेल्समन म्हणाला, “मॅडम, मी माझ्या तोंडानं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात सोडू?” मी त्याला भांड्यातले आकडे दाखवले. शेवटच्या टोकाच्या उसाला सुरुवातीच्या साठ टक्क्यांपेक्षाही कमी पाणी मिळणार आणि खतही त्याच पाण्यातून तेवढंच जाणार. सहा महिन्यांनी ते टोक पिवळं दिसेल आणि त्या रानाच्या बांधावर आपल्या कंपनीचा बोर्ड असेल. तो गप्प झाला, पण त्याला पूर्ण पटलं असं मला वाटत नाही. अण्णांना पटलं.

२३ सप्टेंबर

काल घटस्थापना झाली आणि कालपासूनच ठिबकवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आज सकाळी साडेनऊपर्यंत चार व्हॉइस नोट्स आल्या, चारींत एकच वाक्य: “ब वाल्यानं सात टक्के कमी केले.”

जीएसटी कौन्सिलचा निर्णय ३ तारखेलाच जाहीर झाला होता, तेव्हाच कार्ड करून ठेवायला हवं होतं. तक्त्यात दर कराशिवायचे ठेवले होते, त्यामुळे एकही आकडा बदलावा लागला नाही, याचं समाधान मात्र आहे. तासाभरात कार्ड गेलं: “ती सूट त्यांची नव्हे, सरकारची आहे. आमच्याही बिलात १२ चे ५ झाले.” दाखवायला कालच्या तारखेचं आपलं बिल. आपली १२.८० ची नळी करासह १४.३४ ला पडत होती, ती आता १३.४४ ला.

दुपारी दोन डीलरनी २२ च्या आधीची करासकटची कोटेशनं अजून तशीच फिरवलेली सापडली. आपलेच सेल्समन आपला जुना दर आणि ब चा नवा दर शेजारी ठेवत होते. ती कोटेशनं मागे घेतली.

३० सप्टेंबर

चोकअपचं आणि अनुदानाचं, ही उरलेली दोन कार्डं लहान झाली. कुठलाच ड्रीपर चोकअप न होणारा नसतो. गाळ फिल्टरने थांबतो, क्षाराला ॲसिड ट्रीटमेंट लागते. म्हणून कार्डात उलटा प्रश्न आहे: “पाणी विहिरीचं की नदीचं, आणि फिल्टर कुठला बसवणार?” अनुदानात पूर्वसंमती, मोका तपासणी आणि खात्यात पैसे जमा होणं यातलं काहीच कंपनीच्या हातात नाही. कंपनीच्या हातात आहे ते आराखडा आणि बिल वेळेत व बिनचूक देणं. सेल्समनने तेवढ्याचाच शब्द द्यायचा.

कार्ड पाठवण्याचा मार्गही बदलला. आधी चित्र करून ग्रुपवर टाकत होते. ती चित्रं गॅलरीत पडून राहतात आणि मी मागे घेतलेलं कार्डही दोन महिन्यांनी कोणीतरी उघडतो. आता साधा मजकूर पाठवते. पहिल्या ओळीत ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ अशी तारीख, आणि त्याखाली शेतकऱ्याच्या बोलीतला शब्द. सेल्समन व्हॉट्सॲपमध्ये ‘स्वस्त’ किंवा ‘लांब वळ’ शोधतो आणि कार्ड समोर येतं. ‘दर तुलना, उत्पादन ब’ असं नाव दिलं होतं तेव्हा कोणालाच सापडत नव्हतं.

८ ऑक्टोबर

दसऱ्यानंतरच्या मीटिंगमध्ये चाचणी घेतली. अण्णा शेतकरी झाले, खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि एकेकाला बोलावून दावा टाकत गेले. मी फक्त दोन गोष्टी लिहीत होते: पहिलं वाक्य यायला किती सेकंद लागले, आणि ते वाक्य प्रश्न होता की भाषण.

अकरापैकी आठ जण पाच सेकंदांच्या आत बोलले. तिघांनी कार्डातलं ‘खरं किती’ हे पाठ करून सगळं एका दमात म्हटलं, आकड्यांसकट. अण्णांनी त्यातल्या एकाला मध्येच विचारलं, “आरं, माझं रान कसलं हाय ते तरी इचार.” त्यावरून कार्डाची रचना बदलली. ‘आधी विचारा’ सर्वांत वर आणलं आणि ‘खरं किती’ तळाशी नेलं. सेल्समन वरची ओळ पहिली वाचतो आणि तेच बोलतो, तर वर प्रश्नच असला पाहिजे.

१६ ऑक्टोबर

मिरजेच्या सेल्समनची व्हॉइस नोट आली. त्याच्याच शब्दांत: “मॅडम, आज एक रान बघितलं. वळ एकशेदहा मीटर, वरनं उतार. मी म्हटलं, दादा, हितं पीसी घ्या, आमची बसणार न्हाई. त्यानं पीसी अ कडनंच घेतली. पर त्याच्या भावाचं सपाट तीन एकर हाय खाली, ते म्हणला उद्या येऊन मापून जावा.”

उद्या मापायला तो जातोय. मी त्याला पाचशे मिलिलिटरचं मापाचं भांडं आणि वजनकाटा बरोबर न्यायला सांगितलं आहे.

१९ ऑक्टोबर

ब च्या नळीची ओळ आज लाल झाली. ३ सप्टेंबरला मोजली होती, ४५ दिवस उलटले. ‘स्वस्त’चं कार्ड ग्रुपमधून मागे घेतलं आणि पलूसच्या डीलरकडून नवं बंडल मागवलं. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा तुकडा कापून वजन करायचं आहे.